नव्या फ्रिजचा पहिला दिवस

नवा फ्रिज घरात आल्यापासून त्यात दूध ठेवण्याजोगा होईपर्यंत बहुधा एक अख्खा दिवस जातो. हा वेळ कंपनीने उगाच सांगितलेला नसतो. प्रवासात कॉम्प्रेसरमधले तेल हललेले असते, ते जागी परतावे लागते. त्यानंतर फ्रिजच्या भिंतींत, कप्प्यांत आणि दारात भरलेली खोलीची उष्णता हळूहळू बाहेर पडावी लागते. या दोन्ही गोष्टी घाई करून होत नाहीत.

मे महिन्यातला एक दिवस धरू. सकाळी अकराच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या घरात 250 लिटरचा दोन दारांचा, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रिज पोहोचतो. स्वयंपाकघरात 35 अंश तापमान आहे. जिना अरुंद असल्यामुळे खोका वळणावर बराच तिरका करावा लागला आहे. आपल्याकडची बहुतेक घरे या चित्रात थोड्याफार फरकाने बसतील.

पुठ्ठ्याचे खोके आणि प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या की बांधणी सुटली असे वाटते, पण निम्मे काम अजून बाकी असते. फ्रिज ज्या थर्माकोलच्या बैठकीवर येतो ती तशीच खाली ठेवण्याची चूक पुष्कळ घरांत होते. फरशीवर ओरखडे पडणार नाहीत, पाणी सांडले तरी फ्रिज कोरडा राहील, असा त्यामागे विचार असतो. पण कॉम्प्रेसर खालच्या मागच्या कोपऱ्यात असतो आणि त्याची उष्णता वाहून नेणारी हवा खालूनच येते. ती वाट थर्माकोलने अडते. शिवाय फ्रिजचे वजन दाबल्या जाणाऱ्या वस्तूवर पडते, त्यामुळे तो कधी स्थिर उभा राहत नाही. उंची हवीच असेल तर फ्रिजच्या मापाचा भक्कम स्टँड घ्यावा.

आतल्या बाजूला काचेच्या कप्प्यांच्या कडांवर, भाजीच्या ट्रेखाली आणि बर्फाच्या भांड्याभोवती चिकटपट्ट्या आणि फोमचे छोटे तुकडे लावलेले असतात. सगळे कप्पे एकदा बाहेर काढल्याखेरीज ते सापडत नाहीत. एखादा तुकडा गार हवेच्या झरोक्यासमोर राहिला तर वरचा फ्रीझर कडक गोठतो आणि खालच्या कप्प्यातले दूध मात्र नासते. काही मॉडेलमध्ये प्रवासात हलू नये म्हणून कॉम्प्रेसर बोल्टने आवळलेला असतो. तो काढायचा की नाही हे सोबतच्या पुस्तिकेत पाहावे, अंदाजाने पाना लावू नये. दारावरची पातळ पारदर्शक फिल्म नवेपणा टिकावा म्हणून कित्येक जण वर्षानुवर्षे ठेवतात. स्वयंपाकघरातल्या उष्णतेने तिचा गोंद घट्ट होत जातो आणि पुढे ती तुकड्यातुकड्यांनी निघते, म्हणून पहिल्या दिवशीच ओढून काढलेली बरी. पट्टीचा गोंद राहिला तर खोबरेल तेलाचा बोळा फिरवावा. थिनरने प्लास्टिकची चकाकी जाते.

आता जागा. भिंतीपासून किती अंतर हवे ते प्रत्येक कंपनी सांगते. ते माहीत नसेल तर मागे आणि दोन्ही बाजूंना चार बोटे मोकळी ठेवावीत. पुढचे स्क्रूचे पाय फिरवून फ्रिजला मागच्या बाजूला अगदी किंचित कल द्यावा, म्हणजे अर्धवट उघडे राहिलेले दार आपोआप मिटते. प्लग थेट भिंतीवरच्या, अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये जायला हवा. त्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये.

एवढे झाल्यावर लगेच स्विच दाबायचा नसतो. कॉम्प्रेसरच्या बंद भांड्यात मोटर आणि पंप स्प्रिंगांवर बसवलेले असतात आणि तळाशी तेल असते. फ्रिज आडवा किंवा फार तिरका झाला की हे तेल वायूच्या नळ्यांत शिरू शकते. अशा वेळी कॉम्प्रेसर सुरू केला तर एकीकडे त्याला वंगण कमी पडते आणि दुसरीकडे पंपात तेल शिरून झडपांवर ताण येतो, कारण द्रव वायूसारखा दाबला जात नाही. फ्रिज उभाच आणला असेल तर कंपन्या साधारणपणे दोन ते चार तास थांबायला सांगतात. आडवा आणला असेल तर 24 तास थांबणे सुरक्षित. आपल्या उदाहरणातला फ्रिज टेम्पोत उभा होता आणि जिन्यावर काही मिनिटेच कलला होता. त्यामुळे दुपारी तीनला तो सुरू करायला हरकत नाही.

मधल्या चार तासांत आतून धुवून घ्यावे. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा पुरतो. साबण नको, कारण बंद कप्प्यात त्याचा वास रेंगाळतो. पुसल्यावर दारे तासभर उघडी ठेवावीत.

नव्या फ्रिजचा वास येतो तो आतल्या प्लास्टिकचा, दाराच्या रबराचा आणि चिकटवण्याच्या द्रव्यांचा. कारखान्यात बंद केलेले दार घरीच उघडते, म्हणून तो इतका दाटून आलेला असतो. गॅस गळतोय की काय अशी शंका अनेकांना येते. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन, म्हणजे आर-600ए, हा वायू असतो. त्याला जवळजवळ वास नसतो आणि स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मिसळतात तसे वासाचे द्रव्य त्यात घातलेले नसते. म्हणून वास आला याचा अर्थ वायू गळला असा होत नाही. पण हा वायू ज्वलनशील आहे हे लक्षात ठेवायला हवे. वाहतुकीत मागची एखादी नळी चेपलेली किंवा तुटलेली दिसली तर फ्रिज सुरू न करता खिडक्या उघडाव्यात आणि दुकानदाराला कळवावे. प्लास्टिकचा वास काही दिवसांत विरतो. तोवर वाटीभर सोडा उघडा ठेवावा आणि लोणी व साय झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण स्निग्ध पदार्थ वास पटकन धरतात. जळका किंवा करपल्यासारखा वास मात्र नवेपणाचा नसतो. तो आला तर स्विच बंद करून प्लग काढावा.

तीन वाजता फ्रिज सुरू झाला. अर्ध्या-पाऊण तासात दार उघडले तर हाताला गार लागते आणि फ्रिज तयार झाला असे वाटते. ही फसगत आहे. 250 लिटर जागेतली हवा वजनाने जेमतेम 300 ग्रॅम भरते. ती 35 अंशांवरून 5 अंशांवर आणायला सुमारे 9 किलोज्यूल उष्णता काढावी लागते आणि फ्रिजला हे काम अगदी किरकोळ आहे. तेवढ्याच फरकाने 5 लिटर पाणी गार करायला मात्र सुमारे 630 किलोज्यूल काढावे लागतात, म्हणजे कोरड्या हवेच्या सत्तर पट. काचेचे कप्पे, प्लास्टिकच्या भिंती आणि दाराच्या खणांतही अशीच उष्णता साठलेली असते. दार उघडले की गार हवा खाली ओघळून जाते, नवी गरम हवा आत येते आणि भिंती अजून कोमटच असल्यामुळे तिला गार करायला काहीच हाताशी नसते. म्हणून पहिल्या संध्याकाळी दार वारंवार उघडून पाहणे टाळावे.

गारवा खरोखर आला का, हे पाण्यावरून कळते. मधल्या कप्प्यात पेलाभर पाणी ठेवून त्यात थर्मामीटर बुडवावा आणि काही तासांनी पाहावे. पाणी 5 अंशांच्या आत आले आणि फ्रीझर उणे 18 अंशांच्या आसपास पोहोचला की फ्रिज तयार झाला. उन्हाळ्यात यासाठी रात्रभर वाट पाहण्याची तयारी ठेवावी. बटण सर्वांत थंड आकड्यावर नेऊन काम लवकर होईल ही समजूत साध्या कॉम्प्रेसरच्या बाबतीत चुकीची आहे. ठरलेले तापमान येईपर्यंत तो तसाही पूर्ण जोराने चालतच असतो. शिवाय दोन दारांच्या अनेक मॉडेलमध्ये फ्रीझरचे बटण टोकाला नेले की खालच्या कप्प्याकडे जाणारी हवा कमी होते आणि खालचा भाग आणखी उशिरा गार होतो. म्हणून बटण मध्यावर असू द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी दूध आणि उरलेले अन्न ठेवावे आणि पाण्याच्या बाटल्या दुपारी. आमरसाचे मोठे पातेले पहिल्याच तासात आत सरकवले तर रात्रभर कमावलेला गारवा त्यातच खर्च होतो.

पहिल्या रात्री घर शांत झाले की फ्रिजचे आवाज ऐकू येऊ लागतात. कॉम्प्रेसर कित्येक तास न थांबता घुमतो, कारण उष्णतेचा साठा मोठा असतो. मागून गुडगुड किंवा खळखळ येते. अर्धे द्रव, अर्धे वायू असे मिश्रण नळ्यांतून वाहते, त्याचा तो आवाज असतो. कॉम्प्रेसर थांबल्यावरही दाब समान होईपर्यंत तो थोडा वेळ चालू राहतो. गार होताना प्लास्टिक आकसते तेव्हा तडतड किंवा एखादा मोठा टक् असा आवाज होतो, तडा मात्र गेलेला नसतो. काही तासांनी चर्र असे ऐकू येते. तेव्हा बर्फ वितळवणारा हीटर चालू झालेला असतो आणि त्यावर पाण्याचे थेंब पडत असतात. ते पाणी मागच्या ट्रेमध्ये जाऊन कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जाते. दोन्ही बाजू हाताला चांगल्याच गरम लागतात, कारण आतून काढलेली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बहुतेक नव्या फ्रिजमध्ये बाजूंच्या पत्र्यामागे असतात. दार लावून लगेच उघडू गेल्यास ते घट्ट ओढल्यासारखे वाटते. आत शिरलेली गरम हवा गार होऊन आकसते आणि क्षणभर दाब कमी होतो, एवढेच त्याचे कारण.

दोन आवाजांकडे मात्र लक्ष द्यावे. पत्रा खडखडत असेल तर आधी पाय पुन्हा समतल करावेत आणि मागची एखादी नळी किंवा ट्रे भिंतीला टेकत नाही ना ते पाहावे. बहुतेक वेळा तेवढ्यानेच आवाज थांबतो. दर काही मिनिटांनी क्लिक, क्षणभर घुमणे, पुन्हा क्लिक आणि शांतता, असे चालले असेल तर कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो आहे, पण त्याला ते जमत नाही. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे कमी व्होल्टेज. दुसरे असे की वीज जाऊन लगेच आलेली असते आणि नळ्यांमधला दाब अजून समान झालेला नसतो. अशा वेळी स्विच बंद करून पाच ते दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावा. तरीही तेच होत राहिले, किंवा रिकामा फ्रिज 24 तास चालूनही पेल्यातले पाणी 10 अंशांच्या खाली आले नाही, तर बटणे फिरवत बसू नये. सेवा केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. खोके आणि थर्माकोलही तोवर फेकू नये, कारण फ्रिज बदलून मिळणार असेल तर तो त्याच बांधणीत परत द्यावा लागू शकतो.