रेघा सहा, कार्बन सात! एनएमआरच्या आलेखात सातवा कार्बन कुठे लपतो?

मंडळी, समजा तुमच्यासमोर एक बाटली आहे. आत बिनरंगी द्रव, वास पिकलेल्या केळ्यासारखा आणि लेबल गायब. इतर चाचण्यांवरून रेणुसूत्र तेवढं कळलंय: C₇H₁₄O₂. म्हणजे सात कार्बन, चौदा हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. पण ते एकमेकांना जोडलेत कसे?

अशा वेळी कार्बन एनएमआर काढतात. रेणूतल्या प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या कार्बनची आलेखावर एक रेघ उमटते. आपल्या द्रवाच्या रेघा साधारण १७१, ६३, ३७, २५, २२.५ आणि २१ पीपीएमवर आल्या. ७७ जवळ तीन रेघांचा एक झुपकाही दिसतो, पण तो द्रव ज्यात विरघळवला त्या ड्युटेरोक्लोरोफॉर्मचा. तो सोडून द्या.

म्हणजे रेघा सहा आणि कार्बन सात. एक कुठे गेला?

त्याआधी दुसरी अडचण सोडवू. नेहमीच्या कार्बन एनएमआरमध्ये आलेख सुटसुटीत दिसावा म्हणून हायड्रोजनचा परिणाम मुद्दाम काढून टाकलेला असतो. त्यामुळे कोणत्या कार्बनला किती हायड्रोजन आहेत, हे रेघ बघून कळत नाही. ती माहिती डेप्ट देतं. १९८२ मध्ये डॉड्रेल, पेग आणि बेंडॉल यांनी मांडलेली ही पद्धत. यात हायड्रोजनकडची चुंबकीय ऊर्जा त्याच्याशी जोडलेल्या कार्बनकडे वळवतात. ज्या कार्बनला हायड्रोजनच नाही त्याला काही मिळत नाही आणि त्याची रेघ गायब होते.

डेप्ट-१३५ मध्ये मिथाइल (CH₃) आणि मिथाइन (CH) यांच्या रेघा वर येतात, तर मिथिलीनची (CH₂) खाली लटकते. डेप्ट-९० मध्ये फक्त मिथाइन उरतो. हे १३५ आणि ९० म्हणजे हायड्रोजनला दिलेल्या शेवटच्या रेडिओ पल्सचा कोन.

आता आपला द्रव. डेप्ट-१३५ मध्ये १७१ ची रेघ नाहीशी झाली, म्हणजे तो बिनहायड्रोजनचा. १७१ ही जागा एस्टरच्या कार्बोनिलची. सॉल्व्हंटचा झुपकाही गेला, कारण त्यात हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असतं. ६३ आणि ३७ खाली गेल्या: दोन मिथिलीन. २५, २२.५ आणि २१ वर राहिल्या. डेप्ट-९० मध्ये फक्त २५ उरली: एक मिथाइन. मग २२.५ आणि २१ मिथाइल.

हिशेब मांडू. दोन मिथाइलचे सहा, दोन मिथिलीनचे चार, मिथाइनचा एक. झाले अकरा. हवेत चौदा. म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन कमी पडतात, आणि हेच तर एक मिथाइल! दोन मिथाइल हुबेहूब सारख्या परिस्थितीत असतील तर त्यांची रेघ एकच येते. इथे २२.५ ची रेघ दोघांची आहे आणि दोघंही त्या एकुलत्या मिथाइनला जोडलेले आहेत. ती उंचही दिसेल, पण कार्बन एनएमआरमध्ये उंचीवरून कार्बन मोजू नका. बिनहायड्रोजनचे कार्बन तर हमखास बुटके दिसतात.

एक फसगत नेहमी होते. पल्सचा कोन किंचित चुकला तर डेप्ट-९० मध्ये मिथाइलच्याही छोट्या रेघा डोकावतात. २२.५ ला चुकून मिथाइन समजलात तर? तो दोनदा धरूनही हायड्रोजन फक्त दहा भरतात. उरलेले चार ठेवणार कुठे? दोन ऑक्सिजनवर फार तर दोन मावतील, आणि इथे तर दोन्ही ऑक्सिजन एस्टरमध्ये अडकलेत.

डेप्ट मोजून देतं, जोडून देत नाही. प्रोपिल आयसोब्युटिरेटचं सूत्र हेच, रेघाही सहा आणि मिथाइल-मिथिलीन-मिथाइनची संख्याही अगदी हीच. पण त्याच्या साखळीच्या टोकाचा मिथाइल १० च्या आसपास येतो. आपल्याकडे तिथे काहीच नाही, उलट २१ वर कार्बोनिललगतच्या मिथाइलची रेघ आहे. २-मिथाइलब्युटिल अ‍ॅसिटेटचीही मोजणी हीच, पण त्यातले तिन्ही मिथाइल वेगळे, म्हणून रेघा सात येतात.

उरतं ते आयसोअमाइल अ‍ॅसिटेट: ६३ चा मिथिलीन ऑक्सिजनला, त्याला ३७ चा, मग २५ चा मिथाइन आणि त्याच्यावर जुळे मिथाइल. केळ्याच्या इसेन्समध्ये हेच असतं. आणि डंख मारताना मधमाशी इतर माश्यांना धोक्याचा इशारा देते, त्या वासातही मुख्यतः हेच असतं, तेव्हा बाटली पोळ्याजवळ उघडू नका.