साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा कान रात्री ठणकू लागला तर

कानदुखी हे आपल्याकडे घरच्या घरी निपटायचे दुखणे. लसणीची पाकळी तेलात तळायची, ते तेल कोमट करून दोन थेंब कानात सोडायचे, वर कापसाचा बोळा घालायचा, की झाले. बहुतेक कान चार-पाच दिवसांत आपोआप शांत होतात आणि श्रेय तेलाला मिळते. म्हणून तर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पण घरात साठी उलटलेले आणि साखरेचा आजार असलेले माणूस असेल, तर त्याच्या कानाला हा हिशेब लागू पडत नाही. अशा माणसाच्या कानात एक असा रोग शिरू शकतो, की तो कानाच्या नळीतून कवटीच्या हाडात उतरतो आणि हाड कुजवत मेंदूच्या बुडाशी जाऊन पोचतो. डॉक्टर त्याला नेक्रोटायझिंग ओटायटिस एक्स्टर्ना म्हणतात. आपण त्याला हाड कुजवणारी कानदुखी म्हणू.

रोग तसा विरळा आहे. ज्याला होतो तो मात्र बहुधा मधुमेही आणि वयस्क असतो. सातारा-सांगली भागात आता साखरेचा रुग्ण नाही अशी वाडी सापडणे कठीण, म्हणून ही हकिकत घरातल्या सर्वांनी ऐकण्यासारखी आहे.

आधी कानाची रचना पाहू. बाहेरच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी जेमतेम एक इंच लांब. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीसारख्या लवचीक मऊ हाडाचा, आणि आतला बाकीचा भाग कवटीच्या हाडातच कोरलेला. आत त्या हाडावर कातडी अगदी पातळ ताणलेली असते, मध्ये मांस नाही, चरबी नाही. बाहेरच्या कूर्चेत निसर्गतःच बारीक चिरा असतात. निरोगी माणसाला त्यांचा काही त्रास नाही. पण ज्याची साखर वर्षानुवर्षे वाढलेली आहे, त्याच्या बारीक रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावलेल्या असतात, आणि कानातल्या मळाचा जंतूंना रोखणारा आंबटपणाही कमी झालेला असतो. बांध फुटलेल्या वाफ्यात पाणी जसे कुठूनही शिरते, तसे मग जंतू त्या चिरांतून खाली उतरतात.

हा जंतू बहुतेक वेळा सुडोमोनास नावाचा असतो. ओल ही त्याची आवड. साठवलेल्या पाण्यात, ओलसर जागी तो असतोच. कान खाजला म्हणून आगपेटीची काडी फिरवली, बाजारात बसलेल्याकडून मळ काढून घेतला, किंवा नळाच्या पाण्याची पिचकारी कानात मारली, की कातडीला ओरखडा पडतो, ओल राहते आणि याचे फावते. मधुमेही माणसाचा कान पाण्याने धुतल्यानंतर हा रोग सुरू झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. म्हणून अशा माणसाचा मळ काढायचा तो डॉक्टरने, नजरेने बघत आणि कोरडा काढावा.

आता एका माणसाची वाटचाल पाहू. ही कोण्या एकाची खरी हकिकत नव्हे. अशा रुग्णांत जे वारंवार दिसते ते एका माणसावर बसवून सांगत आहोत. धरून चला, कृष्णाकाठच्या एका गावातले आबा, वय ६८. साखर चौदा वर्षांची. ऊसतोडीच्या दिवसांत गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या. उजवा कान खाजू लागला, काडी घातली. चार दिवसांनी कान ठणकू लागला. मेडिकलच्या दुकानातून थेंब आणले, बरे वाटले नाही. दुसऱ्या आठवड्यात कानातून हिरवट-पिवळा, घाण वासाचा स्राव येऊ लागला आणि रात्री झोप उडाली. कानाचा ठणका कानशिलात जाई, भाकरी चावताना जबड्यात कळ मारी. सून म्हणे, "मामा, डॉक्टरकडे जाऊन या." मुलगा म्हणे, "आबा, ऊस तुटला की जाऊ." ठणका कमी करायची गोळी घेऊन दिवस काढले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आबांना ताप नव्हता. रक्तातील पांढऱ्या पेशीही वाढलेल्या नव्हत्या. आपण ताप नाही म्हणजे रोग मोठा नाही असे समजतो. या रोगात तो अंदाज फसतो. कानाचा पडदाही बहुतेक वेळा शाबूत असतो. म्हणजे पोरांचा कान फुटतो तो प्रकार वेगळा. कान बाहेरून बघितला तर फारसे काही दिसत नाही, आणि दुखणे मात्र दिसणाऱ्या गोष्टीच्या मानाने कितीतरी जास्त. दुखणे आणि दिसणे यांतली ही तफावत, तीही रात्री वाढणारी, हीच या रोगाची खूण. डॉक्टर आत पाहतात तेव्हा नळीच्या तळाशी, कूर्चा जिथे हाडाला मिळते त्या सांध्यावर, लालसर मांसांकुर दिसतो.

पाचव्या आठवड्यात सकाळी चहा पिताना तो आबांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळू लागला. उजवा डोळा मिटेना. घरात सगळे म्हणाले, वारं गेलं. पण हातापायांत जोर पूर्ण होता. मेंदूतल्या अर्धांगवायूत बहुधा हातपाय धरतात. इथे तसे काही नव्हते. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस कानाच्या खाली, हाडातल्या एका छोट्या भोकातून बाहेर पडते. रोग हाडातून तिथपर्यंत पोचला की ती नस दबते, म्हणून तोंड वाकडे होते. रोग आणखी आत गेला तर आवाज बसतो, घास गिळताना ठसका लागतो, पाणी नाकातून परत येते, खांदा उचलत नाही, कारण त्या नसांची भोके पुढेच आहेत. त्याच्याही पुढे मेंदूतून रक्त वाहून नेणारी मोठी शीर गोठते किंवा मेंदूच्या आवरणाला सूज येते. माणूस दगावतो तो इथे.

या रोगाचे रुग्ण एकत्र अभ्यासून मायामीचे डॉ. चँडलर यांनी १९६८ साली त्यांची हकिकत लिहिली. त्या तेरा रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे वाचले नाहीत. त्यांनी रोगाला मॅलिग्नंट म्हटले, म्हणजे घातक. ते नाव आजही काही रिपोर्टवर दिसते आणि नातेवाईक घाबरतात, की हा कॅन्सरच. तो कॅन्सर नव्हे, जंतुसंसर्ग आहे. पण खरा कानाचा कॅन्सरही तसाच दिसू शकतो, म्हणून डॉक्टर मांसांकुराचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. त्याला नाही म्हणू नका. चँडलरांच्या काळाच्या मानाने आज पुष्कळ जण वाचतात. मात्र उशीर झाला तर जिवाला धोका आजही आहे.

आबांना मग मिरजेला नेले. १९६२ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठ्या रुग्णालयात कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि स्कॅनची सोय मिळते. कऱ्हाडचे कृष्णा रुग्णालयही सातारा बाजूच्या लोकांना जवळ पडते. तिथे साखर ३१२ निघाली. ई.एस.आर. ही रक्ततपासणी ९२ आली, जी या वयात तीसच्या आसपास असली तरी चालते. कानातल्या स्रावाचा नमुना औषध सुरू करण्याआधी घेतला, म्हणजे कोणता जंतू आहे आणि कोणते औषध त्याला लागू पडेल हे कळते. सी.टी. स्कॅनवर नळीच्या तळाचे हाड खाल्लेले दिसले. इथेही एक खाच आहे: हाडातला चुना साधारण तिसरा हिस्सा कमी झाल्याशिवाय सी.टी.वर बिघाड दिसत नाही. तेव्हा सुरुवातीला स्कॅन चांगला आला तरी ठणका चालू असेल, तर निश्चिंत होऊ नये. एम.आर.आय. किंवा हाडांचा खास स्कॅन लागू शकतो.

उपचार कंटाळवाणे आहेत आणि लांबीचे आहेत. हाडातला जंतू सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त, औषध घेतल्याशिवाय मरत नाही. दहा दिवसांत ठणका थांबला म्हणून आबांनी घरी जायची घाई केली, तेव्हा डॉक्टरांनी सुनेला समजावले, की आता सोडले तर रोग पुन्हा उलटेल. आधी शिरेतून इंजेक्शने, मग सिप्रोफ्लॉक्सासिन गोळ्या, आणि साखर ताब्यात आणायला इन्सुलिन. नळी डॉक्टर वारंवार साफ करतात. मोठी कापाकापी सहसा लागत नाही. ही गोळी दुधा-दह्याबरोबर, तसेच कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. आपल्याकडे गोळी दुधाबरोबर घ्यायची सवय, म्हणून हे मुद्दाम सांगितले. त्या गोळीने साखरेच्या काही गोळ्यांबरोबर साखर एकदम खालीही जाते. घाम, थरथर, भोवळ आली तर लगेच साखर तपासा. टाचेमागची शीर दुखू लागली तर तेही डॉक्टरांना कळवा. काही वेळा जंतूऐवजी बुरशी असते, तेव्हा औषध वेगळे. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत काळी बुरशी साखरेच्या रुग्णांना कशी धरत होती, हे या भागाने पाहिले आहे. जागा आणि रोग वेगळे, पण वाढलेल्या साखरेचे साह्य तेच.

कधी डॉक्टरकडे जायचे, ते असे ठरवावे. साखर असलेल्या वयस्क माणसाचा कान वाहतो आहे, ठणका रात्री उठवतो आहे आणि थेंब घालून आठवडा उलटला तरी कमी नाही, की कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडेच जायचे. तोंड वाकडे झाले, गिळता येईना किंवा आवाज बसला, तर त्याच दिवशी. स्टिरॉइड असलेले औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये, पोटातून घेतल्यास त्याने साखर भडकते. आणि कानात तेल, हळद, रुईचा रस यांतले काहीही या माणसाच्या कानात घालू नये. आत काय चालले आहे हे त्याने झाकले जाते.

आबांच्या औषधाचे आठ आठवडे पूर्ण झाले तेव्हा ई.एस.आर. ९२ वरून २८ वर आले होते. डॉक्टरांनी वर्षभर दर दीड-दोन महिन्यांनी तपासणीला बोलावले, कारण रोग काही महिन्यांनी परत उठू शकतो. तोंडाचा उजवा कोपरा अजून थोडा ओढलेला आहे. नस इतकी दबली की ती पूर्ण सुधारतेच असे नाही. उजवा डोळा रात्री मिटत नाही, म्हणून सून झोपताना थेंब घालून पापणी पट्टीने चिकटवते.