कंदील कुठं धरायचा?

पुलगावातल्या एका कॉलेजच्या मुलांनी बंद पडलेल्या पुलगाव–आर्वी नॅरोगेजवर लघुपट केला. म्हातारा गँगमन रात्री कंदील घेऊन गवतात बुडालेल्या रुळावरून चालत जातो, एवढीच गोष्ट. पोस्टर मात्र एआयकडून करून घ्यायचं ठरलं आणि प्रॉम्प्ट लिहिताना मी सोबत बसलो.

पहिला प्रॉम्प्ट असा होता: म्हातारा भारतीय रेल्वे कामगार, रूळ, नाट्यमय प्रकाश, सिनेमॅटिक मूड. आलेल्या चित्रात रंगीत पागोटं आणि पिळदार मिशांचा माणूस होता, मागे निळं धुकं, पुढे नारिंगी उजेड. "सर, हा तं राजस्थानातला वाटते," एक मुलगी म्हणाली. 'भारतीय म्हातारा' म्हटलं की यंत्राला बहुधा पागोटंच आठवतं. खाकी सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा हे सगळं आपणच सांगावं लागतं. 'नाट्यमय' आणि 'सिनेमॅटिक' या शब्दांतून तर प्रकाशाबद्दल काहीच कळत नाही. यंत्र त्यावर ठरलेला निळा-नारिंगी रंग चढवून मोकळं होतं.

म्हणून ते दोन्ही शब्द खोडले आणि दिवा कोणता, कुठं, किती उंचीवर, एवढंच लिहायला घेतलं. कृत्रिम प्रकाशात चित्रण करण्याचा मान आपल्याकडे बाबूराव पेंटरांच्या १९२३च्या 'सिंहगड'ला दिला जातो. त्यांनाही दिवा कुठं ठेवायचा हे आधी ठरवावंच लागलं असणार.

दुसऱ्या प्रयत्नात मावळता सूर्य पाठीमागे आणि कंदील खाली सोडलेल्या हातात होता. चित्र देखणं आलं, पण खोटं. सूर्य मागे असताना चेहरा अंधारात हवा, तो लख्ख उजळलेला होता. कंदील गुडघ्याजवळ असेल तर पिवळा उजेड पायांवर पडेल, गालावर कसा येईल? अशा वेळी सावल्या बघाव्यात. रुळाची सावली उजवीकडे आणि माणसाची डावीकडे पडत होती.

दुसरी अडचण चेहऱ्याचीच. पोस्टरवरचा म्हातारा लघुपटात नव्हताच. काम करणारा नट वेगळा. मग एका मुलाने सुचवलं, माणूस पाठमोरा करू. त्याबरोबर सगळंच सुटलं. कंदील छातीशी, अंगाच्या पलीकडे गेला. शरीराने ज्योत अडवली, टोपीची आणि खांद्यांची कड तेवढी उजळली, आणि लांब सावली थेट बघणाऱ्याकडे आली. सूर्यास्त होऊन गेलेला, त्यामुळे प्रखर दिवा एकच.

रुळांनी मात्र बराच वेळ खाल्ला. यंत्र प्रत्येक वेळी ब्रॉडगेज काढत होतं. ही लाइन ७६२ मिलिमीटरची, म्हणजे अडीच फूट, ब्रॉडगेज १६७६ची. प्रॉम्प्टमध्ये आकडा घालून काही फरक पडला नाही. 'दोन रुळांमधलं अंतर माणसाच्या उंचीच्या निम्म्याहून कमी' असं लिहिल्यावर पडला. चित्रातल्या चित्रात मोजता येईल असं माप दिलं की यंत्राला ते बरं जमतं.

शेवटी ठरलेला मजकूर असा:

```
उभं चित्र, प्रमाण २:३. पाठमोरा म्हातारा गँगमन,
खाकी सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा.
कंदील छातीशी, शरीराच्या पलीकडे; प्रखर दिवा हा एकच.
टोपी-खांद्याची कड उजळ, लांब सावली कॅमेऱ्याकडे.
सूर्यास्तानंतरचं मंद आकाश. काळी माती, बाभळी.
गवतात बुडालेले गंजके रूळ, चमक नाही; दोन रुळांमधलं
अंतर माणसाच्या उंचीच्या निम्म्याहून कमी.
वरचा एक तृतीयांश भाग मोकळा. अक्षरं नकोत.
```

'चमक नाही' हे आग्रहाने घातलं. रूळ चाकांनी घासून चमकतो. बंद लाइनचा रूळ गंजतो. पुलगावचा माणूस ही चूक आधी पकडणार.

'अक्षरं नकोत' हे अनुभवाने आलं. लघुपटाच्या नावात एकच जोडाक्षर, तेही चित्रात फुटून आलं होतं. नाव मागाहून वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी फाँटने टाकलं. वरची जागा त्यासाठीच राखलेली.

चित्र आलं १०२४ बाय १५३६ पिक्सेलचं. बारा बाय अठरा इंचांवर छापलं तर इंचाला जेमतेम ८५ ठिपके येतात, आणि हातात धरून बघायच्या छपाईला तीनशे हवेत. त्यामुळे ते मोठं करून घेतलं. पण मोठं करणारं सॉफ्टवेअर गवताची पाती स्वतःच्या मनाने रंगवतं, म्हणून झूम करून सगळा खालचा भाग तपासला. शिवाय मोबाइलवर दिसणारा अंधार कागदावर निव्वळ काळा होतो. आधी एक छोटा तुकडा छापून पाहिला, त्यात बाभळी गायब. सावल्या थोड्या उजळल्या आणि मगच पूर्ण पोस्टर छपाईला दिलं.