‘राडा केला’ म्हणजे नेमके काय झाले?

नववीतल्या मुलाने क्रीडादिनाचा वृत्तान्त दिला: ‘फायनलला ब च्या पोरांनी राडा केला. लास्ट रेडला विषय एंड! सर पण फुल चार्ज.’ शब्दाला शब्द बदलत गेलो, तर ‘गोंधळ घातला’ असे छापून येईल आणि जिंकलेला संघ दंगेखोर ठरेल. म्हणून आधी लेखकालाच विचारावे: कोणी काय केले, गुण किती झाले, सरांनी काय केले? या बोलीत भावना भरपूर असते, घटना मात्र गाळलेली असते. उत्तरे मिळाल्यावर मजकूर असा होतो:

‘कबड्डीच्या अंतिम सामन्यात नववी ‘ब’चा संघ एका गुणाने मागे होता. शेवटच्या चढाईत दोन गडी बाद करून त्याने २४-२३ असा विजय मिळवला. क्रीडाशिक्षकांनी मैदानात धावत येऊन खेळाडूंचे अभिनंदन केले.’

‘सदर सामना उत्साहात संपन्न झाला’ हे मात्र नको. ते परिपत्रक झाले. प्रेक्षकांतली ‘लई भारी!’ अशी एखादी आरोळी अवतरणात खुशाल राहू द्यावी. खेळाडूचे ‘पक्या’सारखे टोपणनाव आले, तर त्याचे पूर्ण नाव तेवढे हजेरीपटावरून तपासून घ्यावे.