सिंह कोण?

तीन पत्ते टेबलावर मांडले आणि मधला उलटला, तशी मैत्रीण म्हणाली, "हे बघ, पत्तेसुद्धा सांगतायत. सहन करत राहा."

मधला पत्ता होता ‘स्ट्रेंग्थ’. पांढऱ्या पायघोळ झग्यातली एक बाई सिंहावर वाकलेली, एक हात त्याच्या नाकाडावर, दुसरा जबड्याखाली. घरचा किंवा ऑफिसातला ताण महिनोन्‌महिने चाललेला असताना हा पत्ता निघाला, की नव्वद टक्के लोक माझ्या मैत्रिणीसारखाच अर्थ लावतात. माझ्या मते तो चुकीचा आहे, आणि चूक कुठे होते ते चित्रातच दिसतं.

टॅरोच्या डेकमध्ये 78 पत्ते असतात. त्यातले 22 ‘मेजर अर्काना’, म्हणजे मोठे पत्ते, आणि स्ट्रेंग्थ त्यातलाच. पंधराव्या शतकात इटलीत हे पत्ते खेळायला म्हणून रंगवले गेले, आपल्या सावंतवाडीच्या गंजिफासारखे. भविष्य बघायला ते वापरण्याचं प्रस्थ अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये वाढलं. मिलानच्या ड्यूकच्या घराण्यासाठी केलेल्या एका जुन्या संचात या पत्त्यावर बाई नाहीच. तिथे एक पुरुष सोटा उगारून सिंहाला बडवायला निघालाय. आज बहुतेकांच्या हातात असतो तो डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यांनी सोटा ठेवला नाही. सिंहाला बांधलंय तेही साखळदंडाने नाही, फुलांच्या माळेने.

आपल्याकडच्या माणसाला सिंह आणि बाई म्हटलं की देवी आठवते. पण देवी सिंहावर बसलेली असते, हातात आयुधं असतात आणि पायाशी महिषासुर असतो. ही बाई निःशस्त्र, सिंहाच्याच जमिनीवर उभी. या चित्रात राक्षस कुठेच नाही. आता नीट बघा: सिंहाने शेपूट पायांत घेतलंय, जीभ बाहेर आहे. तो मेलेला नाही, पिंजऱ्यात नाही, त्याचे दात कोणी काढलेले नाहीत. बाईच्या डोक्यावर आडवा पडलेला इंग्रजी आठ आहे, ज्याला टोक नाही. म्हणजे हे एकदा करून मोकळं व्हायचं काम नव्हे. सिंह उद्याही तिथेच असणार.

म्हणून पत्ता निघाला की मी अर्थ सांगायच्या आधी एकच प्रश्न विचारते: सिंह कोण?

मैत्रिणीने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "आमचे साहेब." मग थांबून, "आणि घरी सासूबाई." ती ठाण्यात एका बँकेच्या शाखेत काम करते. माणसं कमी झाल्यापासून दोन टेबलांचं काम एकटी ओढते आणि साहेब संध्याकाळी सहाला नवी फाइल पुढे सरकवतात. घरी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडून चार महिने झालेत. त्यांचं सगळं अंथरुणावर, आणि प्रत्येक गोष्टीला नाव ठेवणं चालू.

ही नेहमीची गल्लत. साहेबांना सिंह मानलं, की पत्त्याचा अर्थ होतो साहेबांना गोंजारा. सासूबाईंना मानलं, तर त्यांच्यापुढे वाका. दोन्ही वेळी बाई दमते आणि सिंह काही माणसाळत नाही, कारण दुसऱ्याचा जबडा आपल्या हातात कधीच नसतो. टॅरो वाचणारे बहुतेक जण सिंह म्हणजे आपलाच संताप, आपलीच भूक, आपलीच भीती असं धरतात.

"अगं, पण मी तर चिडतच नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. तिचा आवाज चढलेला मी वीस वर्षांत ऐकला नाही. मी विचारलं, रात्री झोप लागते का? तर म्हणाली, सकाळी कानाजवळ दुखतं. डेंटिस्टने सांगितलंय की झोपेत दात खाते, झोपताना लावायला प्लास्टिकचं कव्हर दिलंय. हे सांगताना तिचा हात आपोआप स्वतःच्या जबड्यावर गेला. पत्त्यातल्या बाईचा जिथे आहे, अगदी तिथेच. मग दोघी हसलो.

सिंहाला शांत करणं आणि गिळून टाकणं यातला फरक ओळखायची हीच खूण. गिळलेला राग अंगात कुठेतरी निघतो: जबडा, मान, पोट, नाहीतर पोरांवर फुकटचं खेकसणं. शांत केलेला राग आपल्याला बोलता येतो. पत्ता उलटा आला, तर मी आधी हीच शंका घेते.

बाजूचे पत्ते वाचले नाहीत, तर मधलाही अर्धाच वाचला जातो. डावीकडे ‘टेन ऑफ वाँड्स’ होता: दहा काठ्यांचा भारा कवटाळून चाललेला माणूस, त्याचं तोंड भाऱ्यातच खुपसलेलं, त्यामुळे समोरचं गाव त्याला दिसत नाही. ही तिची दोन टेबलं आणि एक अंथरूण. उजवीकडे ‘क्वीन ऑफ सोर्ड्स’: तलवार सरळ उभी धरून बसलेली राणी, दुसरा हात पुढे केलेला. स्पष्ट बोलणारी बाई. तिघांना ओळीने वाचलं, तर सहन करा असं कुठेही निघत नाही. भार आहे. आधी स्वतःचा संताप हाताशी घे, मग थंडपणे सांग.

पत्ते तिच्यासाठीच निघाले असं मी म्हणणार नाही. 78 मधून तीन उचलले, तर त्यात स्ट्रेंग्थ असण्याची शक्यता 26 मध्ये एक. दिवसाला एकदा मांडलं तर महिन्यातून एकदा तो सरासरीने भेटणारच. पत्त्याला साहेब माहीत नाहीत. त्याच्यामुळे प्रश्न विचारायला निमित्त मिळतं, इतकंच. आणि घरी कोणी हात उचलत असेल, ऑफिसात कोणी अंगचटीला येत असेल, तर हा पत्ता सरळ डेकमध्ये परत ठेवावा. तिथे संयमाचा प्रश्नच नाही. तिथे 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा आहे, 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे. असं काही समोर आलं, तर माझं रीडिंग तिथेच संपतं.

मैत्रिणीच्या बाबतीत तसं काही नव्हतं. तिने पत्त्याचा फोटो काढून घेतला. सहाची फाइल आली की दात एकमेकांवर दाबले गेलेत का एवढंच बघायचं, ते सोडवायचे, एक श्वास जाऊ द्यायचा आणि मग वाक्य बोलायचं, असं ठरलं. वाक्यही तिथेच बसून लिहिलं: "साहेब, ही उद्या सकाळी पहिली करते. आजच हवी असेल, तर हातातली कुठली ठेवू ते सांगा." घरी नवऱ्याला सांगायचं, की रात्रीचं त्यांचं सगळं आजपासून तू बघायचं.

पहिल्या दिवशी तिला वाक्य आठवलंच नाही. तिसऱ्या दिवशी आवाज थरथरला, पण बोलली. साहेब म्हणाले, "बरं, उद्या." नवऱ्याने आठवडाभर तोंड फुगवलं, मग गजर लावून उठायला लागला. सासूबाई अजूनही चहाला नावं ठेवतात. आता ती नावं त्याच्या चहाला असतात.

प्लास्टिकचं कव्हर ती अजून लावते. रोज नाही, म्हणाली.