साडेतीन हजारांच्या फरकासाठी

दरवर्षी कंपनीचा हिशेब विभाग कर्मचाऱ्यांना एक प्रश्न विचारतो: जुनी करप्रणाली हवी की नवी? बरेच जण शेजारच्या टेबलावर जे ठरते तेच सांगून मोकळे होतात. पण एकाला फायद्याची ठरणारी प्रणाली तेवढाच पगार असलेल्या दुसऱ्याला तोट्यात घालू शकते. उत्तर पगारापेक्षा वजावटींवर अवलंबून असते.

जुन्या प्रणालीत दर चढे आहेत. अडीच लाखांपर्यंत कर नाही, पाच लाखांपर्यंत ५ टक्के, दहा लाखांपर्यंत २० टक्के आणि त्यापुढे ३० टक्के. मात्र भविष्य निर्वाह निधी, विमा, घरभाडे, गृहकर्जाचे व्याज अशा रकमा त्यात उत्पन्नातून वजा होतात. २०२० च्या अर्थसंकल्पात आलेल्या नव्या प्रणालीत यातल्या बहुतेक सवलती नाहीत, पण दर सौम्य आहेत. २०२५-२६ साठी चार लाखांपर्यंत कर नाही आणि पुढे दर चार लाखांना दर ५ टक्क्यांनी वाढत जातो. २४ लाखांनंतर तो ३० टक्के होतो. पगारदारांना नव्या प्रणालीत ७५ हजारांची आणि जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाण वजावट मिळते.

नाशिकमध्ये वर्षाला १६ लाख पगार असलेला एक नोकरदार समजू. नव्या प्रणालीत त्याचे करपात्र उत्पन्न १५ लाख २५ हजार आणि कर १,०८,७५० रुपये. आता उलटा प्रश्न विचारायचा: जुन्या प्रणालीत एवढाच कर किती करपात्र उत्पन्नावर बसतो? पहिल्या पाच लाखांवर साडेबारा हजार. उरलेले ९६,२५० रुपये २० टक्के दराने ४,८१,२५० रुपयांवर बसतात. म्हणजे करपात्र उत्पन्न ९,८१,२५० पर्यंत खाली यायला हवे. १६ लाखांतून ते आणि प्रमाण वजावटीचे ५० हजार वजा केले की उरतात ५,६८,७५० रुपये. हा त्याचा बरोबरीचा आकडा. इतर वजावटी याहून जास्त असतील तर जुनी प्रणाली स्वस्त, कमी असतील तर नवी. ४ टक्के उपकर दोन्हीकडे सारखाच लागतो, त्यामुळे बरोबरी हलत नाही.

आता त्याची कागदपत्रे पाहू. बचतीच्या वजावटीचे दीड लाख, आरोग्य विम्याचे २५ हजार, राष्ट्रीय पेन्शन योजनेत स्वतः भरलेले जादा ५० हजार. घरभाड्यात मात्र अनेकांची फसगत होते. महिना २० हजार भाडे भरले म्हणून २ लाख ४० हजार वजा होत नाहीत. मूळ पगार आठ लाख असेल तर त्याचे १० टक्के भाड्यातून आधी काढावे लागतात आणि सूट उरते १ लाख ६० हजारांचीच (मिळणारा घरभाडे भत्ता याहून जास्त आहे असे धरून). एकूण बेरीज ३ लाख ८५ हजार. तरीही जुनी प्रणाली निवडली तर उपकरासह १,६८,४८० रुपये भरावे लागतील, नवीत १,१३,१००. कष्टाचे ५५ हजार केवळ सवयीपोटी जातात.

त्याच माणसाने जळगावला घर घेतले असेल आणि नोकरीमुळे तिथे राहता येत नसेल, तर कर्जाच्या व्याजाचे दोन लाख त्यात मिळवता येतात. वजावटी ५ लाख ८५ हजारांवर जातात आणि जुन्या प्रणालीतला कर १,०९,७२० होतो. पारडे फिरते, पण जेमतेम ३,३८० रुपयांनी. कर्ज फिटत जाते तसे व्याज घटते. ते १ लाख ८० हजारांवर आले आणि बाकी काही बदलले नाही, तर नवी प्रणाली पुन्हा स्वस्त ठरते. म्हणून मागच्या वर्षीची निवड डोळे मिटून पुढे चालवू नये.

पगार वाढला की हा आकडा सरळ चढत जात नाही. पावणेतेरा लाख पगाराला नव्या प्रणालीत करमाफीमुळे काहीच भरावे लागत नाही, त्यामुळे जुनीत बरोबरी साधायला सव्वासात लाखांच्या वजावटी लागतात. १४ लाखांना सव्वापाच लाखांच्या आत काम भागते. पावणेपंचवीस लाखांना आकडा आठ लाख होतो आणि त्यापुढे स्थिरावतो, कारण तिथून दोन्हीकडे वरच्या रुपयावर ३० टक्केच लागतात.

केवळ हा आकडा गाठण्यासाठी नको असलेली विमा पॉलिसी घेणे मात्र शहाणपणाचे नाही. २० टक्क्यांच्या टप्प्यात दहा हजार गुंतवले तर उपकरासह २,०८० रुपये वाचतात, उरलेले ७,९२० वर्षानुवर्षे अडकतात.

आणखी एक अट लक्षात ठेवावी लागते. नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी मागून घ्यावी लागते. ज्यांना व्यवसायाचे उत्पन्न नाही ते पगारदार दरवर्षी विवरणपत्र भरताना निवड बदलू शकतात, कंपनीला आधी काहीही कळवले असले तरी. पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. मुदत उलटली की वजावटींची सारी कागदपत्रे हातात असूनही कर नव्या प्रणालीनेच मोजला जातो.