कात्का, कात्युशा, कतेरीना मिखाइलोव्ना

रशियन कादंबरी मराठीत वाचू लागलेला वाचक पहिल्यांदा अडखळतो तो नावांपाशी. एका पानावरचा द्मित्री इवानोविच पुढच्या पानावर मित्या होतो, आई त्याला मितेन्का म्हणते, आणि ही तीन वेगळी माणसे नाहीत हे कळेपर्यंत दोन प्रकरणे निघून जातात. पुष्कळजण मग पुस्तकाच्या कोऱ्या पानावर नावांची यादी करतात. यादीने ओळख पटते, पण कोणी, कोणाला, कोणत्या क्षणी कुठल्या रूपाने हाक मारली हे यादीत उतरत नाही. रशियन लेखक कथेचा मोठा भाग नेमका तिथे सांगत असतो.

रशियन माणसाचे नाव तीन पदरी असते: स्वतःचे नाव, वडिलांच्या नावापासून केलेले पितृनाम आणि आडनाव. इवानचा मुलगा इवानोविच, मुलगी इवानोव्ना. आपल्याकडेही मधले नाव वडिलांचेच असते, पण ते अर्जात आणि गुणपत्रिकेत राहते. कोणी त्याने हाक मारत नाही. रशियात मात्र नाव आणि पितृनाम ही रोजची आदराची हाक आहे. शाळेतल्या बाईंना विद्यार्थी मारिया इवानोव्ना म्हणतात, बोलताना त्याचे ‘मार्-इवान्ना’ होते. डॉक्टर, वरिष्ठ, मित्राचे वडील या सगळ्यांशी असेच बोलायचे, आणि सोबत ‘वी’ म्हणजे ‘तुम्ही’. नुसते पितृनाम उच्चारले तर चव बदलते. ‘इवानिच’, ‘पालिच’, ‘मिखालिच’ ही खेड्यातल्या किंवा कारखान्यातल्या जुन्याजाणत्या माणसाला मारायची हाक. तिच्याबरोबर ‘ती’, म्हणजे ‘तू’ चालते, तरी मान कमी होत नाही. लेनिनला लोक ‘इल्यिच’ म्हणत ते याच सुरात.

लघुरूपांची बाजू याहून सूक्ष्म आहे. येकातेरीनाचे (बोलण्यात कतेरीना) कात्या हे घरातले आणि मैत्रीतले साधे रूप. त्यात खास लाड नाही की राग नाही. कातेन्का म्हटले की माया आली. कात्युशातही जिव्हाळा आहे, पण तो थोडा मोकळा, साधा. आणि कात्का म्हणजे आपल्याकडे गंगाबाईची गंगी व्हावी तसे. भावंडे आणि जिवलग मैत्रिणी एकमेकींना कात्का म्हणतात तेव्हा त्यात सलगी असते. मालकिणीने मोलकरणीला म्हटले की तिची पायरी दाखवलेली असते. या ‘का’मागे जुना इतिहास आहे. पीटर द ग्रेटच्या आधीच्या काळात झारकडे अर्ज करणारा स्वतःला इवान न म्हणवता ‘इवाश्का’ म्हणवून घेई. ही अर्धी नावे लिहू नयेत असा हुकूम पीटरने 1701 च्या अखेरीस काढला.

पितृनामालाही अशीच उतरंड होती. पूर्ण ‘-विच’ हा मान होता, तो वरून मिळत असे. धनाढ्य व्यापारी स्त्रोगानोव घराण्याला तो सतराव्या शतकाच्या आरंभी खास बहाल झाला. सामान्य माणसाच्या वाट्याला कागदोपत्री अर्धे पितृनाम येई: इवानोविच नव्हे, ‘इवानोव’, म्हणजे इवानचा, बाई असेल तर ‘इवानोवा’. परदेशी वाचकाला ते आडनावच वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या कोर्टाच्या कागदांत शेतकरी आणि गावकुसातली माणसे याच रूपात भेटतात.

हे सगळे एका व्यक्तीच्या आयुष्यात पाहायचे असेल तर टॉल्स्टॉयची 1899 मधली ‘पुनरुत्थान’ ही कादंबरी घ्यावी. नायिका एका अविवाहित दासीची मुलगी. दोन जमीनदार बहिणींच्या घरी ती वाढते, अर्धी मोलकरीण आणि अर्धी मानसकन्या. धाकटी बहीण तिचे लाड करते, थोरली तिला कामाला जुंपते. तिला नावही मधलेच मिळते: कात्काही नाही, कातेन्काही नाही, कात्युशा. टॉल्स्टॉय हे स्वतः स्पष्ट सांगतो. तिच्या सामाजिक स्थानाचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही. त्या बहिणींचा भाचा, तरुण सरदार नेख्ल्यूदोव, तिला याच नावाने ओळखतो, तिच्यावर प्रेम करतो, पुढे तिला भ्रष्ट करून शंभर रूबल हातावर ठेवून निघून जातो.

काही वर्षांनी तो ज्यूरीत बसलेला असताना खुनाच्या आरोपाखाली तीच समोर येते. न्यायाधीश नाव विचारतात. ती कुंटणखान्यातले नाव सांगते, ल्युबोव. कागदावर हे नाव नाही म्हणून बाप्तिस्म्याचे नाव विचारले जाते. पूर्वी कतेरीना म्हणत, असे ती सांगते. मग पितृनाम. मी अनौरस आहे, ती म्हणते. तरी धर्मपित्याच्या नावावरून काय, असे विचारल्यावर ती ‘मिखाइलोवा’ सांगते. मिखाइलोव्ना नव्हे. एका व्यंजनाचा फरक आहे, आणि बरीच भाषांतरे तो पुसून टाकतात. पण अर्ध्या पितृनामाची बाई म्हणजे जिला कोणी आदराने हाक मारीत नाही अशी बाई, हे रशियन वाचकाच्या कानाला लगेच कळते.

तुरुंगात नेख्ल्यूदोव तिला भेटायला जातो तेव्हा ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हेच त्याला ठरवता येत नाही. तो ‘तुम्ही’ निवडतो. पण क्षमा मागताना ‘कात्युशा’ आणि ‘तू’ आपोआप बाहेर पडतात. त्याच्या मनात ती अजून आत्यांच्या घरातलीच आहे. ती मात्र त्याला द्मित्री इवानोविच आणि ‘तुम्ही’ म्हणत राहते. आदराचे हे रूप इथे भिंतीचे काम करते. पुढच्या भेटीत दारूच्या भरात ती भिंत कोसळते: मी कैदी, तू सरदार, चालता हो, असे ती त्याला सुनावते. तिचा हा ‘तू’ संतापाचा आहे, आणि तरी तिथेच ती त्याच्याशी बरोबरीने बोलते. शांत झाल्यावर पुन्हा ‘तुम्ही’ येतो.

सैबेरियाच्या वाटेवर सिमोनसन नावाचा राजकीय कैदी नेख्ल्यूदोवशी तिच्याविषयी बोलतो आणि तिचा उल्लेख ‘कतेरीना मिखाइलोव्ना’ असा करतो. कोर्टातली मिखाइलोवा इथे पूर्ण पितृनामाने उभी राहते. सिमोनसन तिला उपकार म्हणून काही देत नाही. ती जशी आहे तशी त्याला हवी आहे. शेवटी ती त्याच्याबरोबर राहायचे ठरवते. का, याची चर्चा समीक्षक अजूनही करतात. माझ्या मते अर्धे उत्तर या दोन पुरुषांच्या तोंडी आलेल्या तिच्या नावांत आहे.

आजच्या रशियातही हे बदल बोलतात, फक्त जागा वेगळ्या. कचेरीत आंद्रेई विक्तोरोविच असलेला माणूस ‘नुसते आंद्रेई म्हणा’ असे सांगतो तेव्हा तो एक दार उघडतो. ते दार बहुधा वयाने किंवा हुद्द्याने मोठ्याने उघडायचे असते. साहेबाने सहकारी बाईला न विचारता ‘लेनोच्का’ म्हटले, तर गोड रूप असूनही ते अनेकींना खटकते. उलट, एरवी साशा म्हणणारी आई अचानक पूर्ण ‘अलेक्सान्द्र!’ म्हणाली की मुलगा समजतो, काहीतरी बिनसले आहे. म्हणून कुठलेही रूप सुटे घेऊन त्याचा अर्थ लावता येत नाही. त्या दोघांत एरवी काय चालते ते आधी माहीत हवे, आणि मग त्यात काय बदलले ते पाहायला हवे. वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणीवर हल्ली पितृनाम बरेचदा गाळले जाते; शाळेत आणि दवाखान्यात ते पक्के आहे.

रशियनमधून मराठीत आणणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. वाचकाची सोय म्हणून पात्राला सगळीकडे एकच नाव देऊ नका. सुरुवातीला एक पान टीप द्या, रूपे आहेत तशी ठेवा, आणि मिखाइलोवाची मिखाइलोव्ना करू नका.